धागा : क्रॅक्ड सेक्शनचा न्यूट्रल ॲक्सिस. एकाच बीमला १८८ की १३८?

प्राची_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. इंदिरानगरमधल्या एका बंगल्याचं काम हातात आहे. तळमजल्याच्या हॉलवर जो बीम आहे, त्याच्या वरच्या खोलीत मालकांना पुस्तकांची भिंतभर कपाटं बसवायची आहेत. बीम दोन्ही टोकांना विटांच्या भिंतीवर टेकलेला आहे, त्यामुळे मी तो साधा टेकवलेला धरलाय. गाळा ४.५ मीटर. जुनं ड्रॉइंग मिळालं : रुंदी २३०, उंची ४५०, काँक्रीट एम२०, सळई एफई५००, खाली १६ च्या ३ सळया, ८ ची रिंग, कव्हर २५. म्हणजे d = ४०९ मि.मी. आणि सळईचं क्षेत्रफळ ६०३ चौ. मि.मी. कपाटांसकट सगळा भार मीटरला २० किलोन्यूटनच्या आसपास जातो, मोमेंट साधारण ५० किलोन्यूटन-मीटर.

ऑफिसमध्ये एक जुनी एक्सेल शीट आहे. तिच्यात न्यूट्रल ॲक्सिस वरून १८८ मि.मी. वर येतो आणि काँक्रीटमधला ताण ६.७ मेगापास्कल. एम२० ला ७ चालतो, म्हणून शीट 'ओके' म्हणते. मी हाताने केलं तर ॲक्सिस १३७.७ वर येतो आणि ताण ८.७, म्हणजे नापास. सळईचा ताण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, शीटमध्ये २३९ आणि माझ्याकडे २२८.

सीनियर म्हणतात बीम सुरक्षित आहे, शीट इतकी वर्षं वापरतोय. मला फक्त एवढंच समजून घ्यायचंय की १८८ आला कुठून, आणि दोघांत खरा कोणता.

सातपूर_साइट

प्राची, १८८ बरोबर आहे. एफई५०० ला न्यूट्रल ॲक्सिस 0.46d असतो, आयएस ४५६ मध्ये स्पष्ट दिलंय. ४०९ गुणिले ०.४६ करून बघ, १८८ येतं. तुझ्या वर्गसमीकरणात कुठेतरी गडबड असेल. सळईचा ग्रेड ठरला की ॲक्सिस ठरला, समीकरण सोडवायची गरजच नाही.

अभि_के_के_वाघ

सातपूर दादा, ०.४६ हे लिमिट स्टेटचं आहे. प्राचीताई ताण काढतायत, म्हणजे वर्किंग स्ट्रेस. त्यात एफई५०० साठी 0.253d घ्यायचा असतो. म्हणजे ॲक्सिस १०३.५ वर. आत्ताच परीक्षेला होतं आम्हाला. १८८ पण चूक आणि १३७ पण चूक.

प्राची_इंदिरानगर

म्हणजे आता तीन झाले. १०३.५ धरला तर काँक्रीटचा ताण ११.२ येतो. एकाच बीमला ६.७, ८.७ आणि ११.२!

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

प्राचीचा १३७.७ बरोबर आहे. बाकीचे दोन आकडे या बीमचे नाहीतच. ते कोणत्या बीमचे, ते सांगतो.

०.४६ हा वरचा बांध आहे. अंतिम अवस्थेत ॲक्सिस याच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे सळई आधी खेचली जाईल आणि बीम इशारा देऊन मोडेल, असं कोड म्हणतो. ०.२५३ हा वर्किंग स्ट्रेसमधला संतुलित बीमचा आकडा. काँक्रीट ७ वर आणि सळई २७५ वर नेमक्या एकाच वेळी पोचतील अशी सळई घातली असेल, तरच ॲक्सिस तिथे असतो. दोन्ही आकड्यांत सळई किती घातली आहे हे येतच नाही. अभि, तुला परीक्षेत सळई काढायची असते, म्हणून ॲक्सिस गृहीत धरता येतो. इथे सळई आधीच घातलेली आहे, तेव्हा ॲक्सिस तिच्याकडूनच काढायला हवा.

काढायचा कसा, तर काँक्रीट खालच्या बाजूला भेगाळलंय असं मानून त्याला हिशोबातून वगळायचं. वर दाबातला २३० रुंदीचा x उंचीचा पट्टा उरतो आणि खाली सळया. सळईचं ६०३ क्षेत्रफळ m पट करून काँक्रीटमध्ये बदलायचं. एम२० ला

```
m = 280 / (3 × 7) = 13.33
```

म्हणजे खाली जणू ८०४२ चौ. मि.मी. काँक्रीट टांगलेलं आहे, आणि ते ओढ सोसतं. ॲक्सिस अशा जागी असतो की वरच्या क्षेत्रफळाचा त्याच्याभोवतीचा मोमेंट आणि खालच्याचा मोमेंट सारखा येतो.

```
b·x²/2 = m·Ast·(d − x)
```

आता तिन्ही आकडे यात घालून बघा, वर्गसमीकरण सोडवायचीही गरज नाही. १८८ घातला तर डावी बाजू ४०.६ लाख, उजवी १७.८ लाख. १०३.५ घातला तर डावी १२.३ लाख, उजवी २४.६ लाख. १३७.७ घातला तर दोन्हीकडे २१.८ लाख. भांडण इथेच मिटतं.

सातपूर_साइट

पण सर, १८८ धरूनही शीटमध्ये दाब आणि ओढ समान येतात. मी तपासलं. काँक्रीटचा एकूण दाब १४४ किलोन्यूटन, सळईचा ओढही १४४. समतोल आहे की!

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

चांगला मुद्दा काढलात. शीट इतकी वर्षं टिकली ती याच कारणाने. ॲक्सिस कुठेही धरा, मोमेंटला लीव्हर आर्मने भागलं की दाब आणि ओढ सारखे येणारच. भागाकारच तसा आहे, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

तपास दुसरीकडे करायचा. बीम वाकताना त्याचा आडवा छेद सपाट राहतो, म्हणून स्ट्रेन वरून खाली सरळ रेषेत बदलतो. काँक्रीटचा वरचा ताण माहीत असला की त्याच रेषेवरून सळईचा ताण ठरतो :

```
fs = m·fc·(d − x)/x
```

शीटचे आकडे घाला. १३.३३ गुणिले ६.७ गुणिले २२१ भागिले १८८, उत्तर १०५ येतं. आणि मोमेंटवरून तीच शीट सळईचा ताण २३९ सांगते. एकाच सळईला दोन ताण असू शकत नाहीत. १०३.५ घेतला तर उलटं होतं, रेषेवरून ४४० आणि मोमेंटवरून २२१. प्राचीचे आकडे घातले तर १३.३३ × ८.७ × २७१.३ ÷ १३७.७, म्हणजे २२८, आणि मोमेंटवरूनही २२८.

ही एक ओळ शीटच्या तळाशी जोडा. ॲक्सिस चुकला की ती लगेच बोलते.

सिडको_रहिवासी

मी इंजिनिअर नाही, पण घाबरून लिहितोय. आमच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये हॉलच्या बीमला खालून केसासारख्या तीन-चार उभ्या भेगा आहेत. तुम्ही सगळे 'क्रॅक्ड सेक्शन' म्हणताय. म्हणजे आमचा बीम गेला का? सोसायटीला सांगू का?

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

भाऊ, घाबरू नका. इथे ज्या भेगा धरल्यात त्या प्रत्येक आरसीसी बीममध्ये धरतात. काँक्रीट ओढ सोसण्यात फार कमकुवत असतं. प्राचीच्याच बीमचं बघा. एम२० काँक्रीट साधारण ३.१ मेगापास्कलच्या ओढीला भेगाळतं, त्यावरून हा बीम २४ किलोन्यूटन-मीटरलाच भेगाळेल. त्यावर येणारा मोमेंट ५० आहे. म्हणजे तो भेगाळणारच, आणि त्यानंतरची ओढ पेलायलाच तर सळई घातलेली असते. मध्यभागी खालून वर जाणाऱ्या, बारीक, ०.३ मि.मी. पेक्षा कमी रुंदीच्या भेगा या त्याच असतात.

काळजीच्या भेगा वेगळ्या दिसतात. सळईच्या रेषेतच बीमच्या लांबीला समांतर भेग असेल, गंजाचा तांबूस डाग असेल, कव्हर फुगलं असेल, तर सळई गंजतेय. भिंतीजवळ तिरपी भेग असेल, तर ती शिअरची. यातलं काही दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलवा. इथे फोटो टाकून त्याचं निदान होणार नाही. आणि आधी भेग फक्त प्लास्टरला आहे का, ते बघून घ्या.

सिडको_रहिवासी

उभ्याच आहेत, डाग नाही. तरी प्लास्टर काढून बघतो. धन्यवाद काका.

प्राची_इंदिरानगर

सर, मनापासून आभार. स्ट्रेनची ओळ शीटमध्ये घालतेय. आता दुसरी शंका. m १३.३३ का? Es/Ec केलं तर Ec = ५००० गुणिले वर्गमूळ २०, म्हणजे २२,३६१, आणि m फक्त ८.९ येतो. मी तो घालून बघितला. ॲक्सिस ११७ वर गेला, काँक्रीटचा ताण १०.० झाला. एकाच बीमला दोन m कसे?

गंगापूररोड_कन्सल्टंट

इथे मी बोलतो. १३.३३ हा जुन्या पद्धतीचा अवशेष आहे. काँक्रीटच्या खऱ्या कडकपणाशी त्याचा संबंध नाही. मी ऑफिसमध्ये सगळीकडे Es/Ec च वापरतो. ताण १० आला तर १० आहे, तो लपवू नये.

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

अवशेष म्हणणं मला मान्य नाही. 280/3σcbc या सूत्राखाली कोडने टीप दिली आहे की यात क्रीपसारखे दीर्घकाळचे परिणाम काही अंशी धरलेले आहेत, आणि म्हणून हा m म्हणजे Es/Ec नव्हे. कपाटं बसली की वीस वर्षं हलणार नाहीत. सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू दबत जातं, सळई तशी दबत नाही. म्हणजे काँक्रीटचा परिणामी कडकपणा उतरतो आणि सळईची तुलनेतली ताकद वाढते. यालाच मोठा m म्हणायचं.

कोडचा क्रीप गुणांक, २८ दिवसांनी भार आला तर १.६, घेऊन बघा. m २३ च्या वर जातो, ॲक्सिस १७१ वर उतरतो, काँक्रीटचा ताण ७.२ होतो. तेव्हा ८.९ हा भार टाकला त्या दिवसाचा बीम, २३ हा बऱ्याच वर्षांनंतरचा, आणि १३.३३ मधला कुठला तरी. प्राचीच्या बीमचं वय जास्त असल्याने त्याला तो गुणांक आणखी लहान पडेल, हेही खरं.

पण मला याहून वेगळी गोष्ट दाखवायची आहे. या तिन्ही m ला सळईचा ताण किती आला ते लिहा : २२४, २२८, २३५. काँक्रीटचा : १०.०, ८.७, ७.२. सळईच्या ताणात लीव्हर आर्म फक्त d − x/3 आहे. x तीस-चाळीस मिलिमीटर सरकला तरी आर्म दहा-पंधराच हलतो, म्हणून सळई ढिम्म. काँक्रीटचा ताण मात्र थेट x ने भागला जातो, म्हणून तो उड्या मारतो. क्रॅक्ड सेक्शनमधून सळईचा ताण आला तर त्यावर भरवसा ठेवावा. काँक्रीटचा ताण आला की आधी m विचारावा, मग आकडा.

गंगापूररोड_कन्सल्टंट

सळईबद्दल एकमत. m बद्दल माझं म्हणणं तेच. ७ ही परवानगी आहे, आणि ती याच १३.३३ बरोबर जोडीने आलेली आहे. जोडी तोडायची नसेल तर १३.३३ घ्या, मला चालेल. पण मग तो खरा ताण आहे असं मालकाला सांगू नका.

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

हे मात्र पटलं. ७ आणि १३.३३ एकत्रच वापरायचे. ८.९ घेऊन काढलेला १०.० हा ७ शी तुलना करायचा आकडा नाही.

अभि_के_के_वाघ

सर, मग प्राचीताईंचा बीम नापास? ८.७ ला ७ ची परवानगी आहे, २४ टक्के जास्त. पण लिमिट स्टेटने केलं तर पास होतो ना? मी केलं. अंतिम अवस्थेत ॲक्सिस १५८ वर येतो, क्षमता सुमारे ९० किलोन्यूटन-मीटर. ५० ला १.५ ने गुणलं तर ७५. पास!

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

शाब्बास, आणि १५८ हा १८८ च्या आत आहे हे लक्षात आलं का? ०.४६ चा बांध इथेच लावायचा होता. सीनियर साहेब बीम सुरक्षित म्हणतात ते मोडण्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. कारण मात्र शीटमधला ६.७ नव्हे.

द्राक्षबाग_पिंपळगाव

सगळं वाचलं, शिकायला मिळालं. माझ्याकडे बेदाणा शेड आहे, पिंपळगाव बसवंतजवळ. शेडच्या बाहेर दीड मीटरचा छज्जा काढलाय, त्याच्या वरच्या बाजूला, अगदी भिंतीलगत आडवी भेग आहे. तुमच्या पद्धतीने मी x काढला तर वरचं काँक्रीट दाबात धरावं लागतं. पण भेग वरच आहे. मग सूत्र लागत नाही का?

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

सूत्र लागतं, पण उलटं करून. छज्ज्यात ओढ वर असते, म्हणून मुख्य सळई वर असते, आणि दाबातला पट्टा खाली. x खालून मोजायचा, d म्हणजे खालच्या काँक्रीटपासून वरच्या सळईपर्यंतचं अंतर. पण मला इथे हिशोबापेक्षा सळई खरंच वर आहे का, हीच भीती वाटते. छज्ज्याची वरची सळई काँक्रीट ओतताना पायाखाली दबून खाली जाते, आणि मग सगळं क्षेत्रफळ तेच असूनही d निम्मा होतो. भिंतीलगत आडवी भेग आहे म्हणता, तर तिथे माणसांची ये-जा थांबवा आणि इंजिनिअरकडून सळई कुठे आहे ते मशीनने शोधून घ्या. गणित त्यानंतर.

सिन्नरचा_ठेकेदार

काका म्हणतात ते शंभर टक्के खरं. मी साइटवर हेच ओरडत असतो. बीमचंही तसंच. ड्रॉइंगवर कव्हर २५ लिहिलंय, पण त्या काळात कव्हर ब्लॉक कुणी नीट ठेवत नव्हतं, खडी ठेवून चालायचं. सळई एका बाजूला टेकलेली, दुसऱ्या बाजूला वर उचललेली. प्राचीताई, ४०९ वर विश्वास ठेवू नका. रिबार लोकेटर लावून घ्या, आणि एका ठिकाणी कव्हर फोडून बघा.

प्राची_इंदिरानगर

दादा, बरोबर बोललात. कव्हर ४५ निघालं असं धरून बघितलं, d = ३८९ येतो. काँक्रीटचा ताण ८.७ वरून ९.४ होतो आणि सळईचा २२८ वरून २४१. म्हणजे या चुकीत सळईही हलते, m सारखं नाही. उद्या लोकेटर मागवते.

त्र्यंबक_रस्त्यावरून

थोडं मधेच बोलतो. बरीच चर्चा झाली, पण एक साधं राहिलं. तुमच्या बीमवर स्लॅब आहे ना? मग तुम्ही २३० रुंदीच का घेताय? साध्या टेकवलेल्या बीमच्या मध्यभागी दाब वर असतो, आणि वर तर स्लॅब आहे. तो बीमबरोबरच ओतलेला असेल, तर दाब स्लॅबमध्ये पसरतो. हा टी बीम आहे.

प्राची_इंदिरानगर

स्लॅब १२० मि.मी. चा आहे. ऑफिसच्या शीटमध्ये आयताकृतीच बीम असल्याने मीही तसाच धरला.

त्र्यंबक_रस्त्यावरून

मग धरा टी. कोडप्रमाणे फ्लेंजची रुंदी :

```
bf = l0/6 + bw + 6·Df
```

४५०० भागिले ६ म्हणजे ७५०, अधिक २३०, अधिक ७२०. एकूण १७०० मि.मी. शेजारच्या बीमचं अंतर तेवढं आहे का ते बघा, नाहीतर कमी होईल. आता त्याच समीकरणात २३० च्या जागी १७०० घाला. x एकदम ५७.७ वर येतो. १२० च्या आतच आहे, म्हणजे ॲक्सिस फ्लेंजमध्येच पडला, त्यामुळे आयतासारखंच सूत्र चालतं. वेबचा वेगळा हिशोब नको.

काँक्रीटचा ताण किती येतो बघा.

अभि_के_के_वाघ

२.६!! आणि सळई २१३. स्ट्रेनच्या ओळीने तपासलं, १३.३३ × २.६२ × ३५१.३ ÷ ५७.७, तेही २१३. जुळतं!

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

त्र्यंबककरांनी धाग्याची दिशाच बदलली, आणि योग्य दिशेने. मी आयतातच अडकून विचार करत होतो, प्राचीचं मूळ प्रश्नपत्रक तसं होतं म्हणून. ८.७ वरून २.६, आणि सळई २२८ वरून २१३. m चा जो वाद आम्ही इतका वेळ घातला, त्याहून कितीतरी मोठा फरक एका स्लॅबने पडला. आणि सळई पुन्हा तशीच, फारशी न हलणारी.

पण टी म्हणण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, स्लॅब आणि बीम एकत्रच ओतले होते का. दुसरी, स्लॅब कोणत्या दिशेला बसलाय. त्याची मुख्य सळई बीमला समांतर असेल, तर बीमला आडवी अशी वेगळी सळई लागते, मुख्य सळईच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी नसलेली. ती नसेल तर फ्लेंज कागदावरच आहे. तिसरी, बीम सरळ आहे की उलटा. उलट्या बीमला स्लॅब खाली येतो, ओढीच्या बाजूला, तिथे तो भेगाळतो आणि काही कामाचा नाही.

सिन्नरचा_ठेकेदार

उलटा बीम इथल्या बंगल्यांत पुष्कळ आहे. हॉलला खाली बीम दिसू नये म्हणून मालक सांगतात आणि आपण करतो. जिन्याजवळ तर हमखास.

प्राची_इंदिरानगर

आज साइटवर जाऊन आले. हॉलचा बीम स्लॅबच्या खाली दिसतो, म्हणजे सरळ आहे. कडेला स्लॅब आणि बीमच्या मधे ओतकामाचा जोड कुठे दिसत नाही. स्लॅब बीमवरून आडवा जातो, दोन्ही बाजूंना पुढचा बीम तीन मीटरवर आहे. म्हणजे १७०० रुंदी सहज मिळते आणि टी बीम धरता येतो. लोकेटरने कव्हर मध्यभागी ३०-३२ दाखवलं, एका टोकाला ४०. मध्यभागी मोमेंट जास्त असल्याने मध्यभागच घेतला.

पण सिन्नरकर दादांचं खरं निघालं. जिन्याच्या बाजूचा बीम उलटाच आहे. तसाच २३० बाय ४५०, तशाच सळया. त्यावर कपाटं नाहीत पण जिन्याचा भार आहे. त्याला टी धरता येणार नाही.

त्र्यंबक_रस्त्यावरून

त्याला आयतच. मोमेंट ५० असेल तर तुमचा ८.७ तिथे पुन्हा उभा राहतो. त्याचा मोमेंट किती?

प्राची_इंदिरानगर

अजून नीट काढलेला नाही. जिन्याचा स्लॅब त्याच्यावर कसा टेकलाय ते ड्रॉइंगमध्ये नाही. भार मध्यावर येतो की टोकाला, त्यावर मोमेंट खूप बदलतो.

गंगापूररोड_कन्सल्टंट

ते ठरल्याशिवाय ताण काढू नका. आणि त्या बीमला वरच्या बाजूला सळया किती आहेत? हँगर म्हणून १२ च्या दोन असतील तर त्याही दाबात मोजता येतात. कोडप्रमाणे दाबातल्या सळईला 1.5m घ्यायचा, फक्त m नाही. त्याने काँक्रीटचा ताण ८.७ वरून ७.७ पर्यंत येईल. अर्थात त्या रिंगने नीट बांधलेल्या असतील तर.

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

आकडा बरोबर वाटतो, पण मी जुन्या हँगरवर विसंबणार नाही. रिंगचं अंतर लोकेटरने कळेल, पण ती खरंच त्या सळईभोवती आहे का, हे कळत नाही. पातळ सळई दाबात बाहेर फुगू शकते, रिंग जवळजवळ असेल तरच ती थांबते.

गंगापूररोड_कन्सल्टंट

म्हणूनच 'नीट बांधलेल्या असतील तर' म्हटलं. मी घेईन, तुम्ही घेऊ नका. ते मत ज्याचं त्याचं.

सातपूर_साइट

एक विचारतो. शीटमधला ०.४६ आता काढून टाकायचा, की ठेवायचा? आमच्याकडेही तीच शीट आहे, वाटून वाटून नाशिकभर गेली असेल.

निवृत्त_डिझायनर_नाशिकरोड

ठेवा, पण त्याची जागा बदला. अंतिम अवस्थेचा ॲक्सिस आधी सळईवरून काढायचा, म्हणजे 0.87·fy·Ast भागिले 0.36·fck·b, आणि तो ०.४६ च्या आत आहे का एवढंच बघायचं. ताणाच्या पानावर त्याचं काही काम नाही. तिथे b, d, सळई आणि m यांच्यावरून x सुटला पाहिजे, आणि खाली स्ट्रेनची ओळ. b च्या पेशीत २३० कायमचा लिहून ठेवू नका, तिथे bf भरायची सोय ठेवा, नाहीतर टी बीम पुन्हा हरवेल.

सातपूर_साइट

करतो. आज रात्रीच बसतो.

प्राची_इंदिरानगर

मी सीनियरांना दोन्ही पानं दाखवली. टी बीमचं त्यांना लगेच पटलं. १८८ बद्दल त्यांनी काही बोलणं टाळलं, पण शीटची प्रत मागून घेतली. उलट्या बीमसाठी परवा जिन्याचं प्लास्टर काढून कव्हरही थोडं फोडायचं ठरलंय, तेव्हा वरच्या सळया आणि रिंगचं अंतर दिसेल. मोमेंट मिळाला की आकडे इथेच टाकते.

अभि_के_के_वाघ

ताई, प्लास्टर काढताना मी आलो तर चालेल का? रिंग प्रत्यक्षात कशी बांधतात ते बघायचंय.

प्राची_इंदिरानगर

ये. सकाळी नऊ वाजता, राजीवनगरच्या बाजूने आत. हेल्मेट आण.